सुती साडी आणि कुर्त्याला घरी खळ: प्रमाण, क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

खळ घातलेली साडी मऊच राहिली की बहुतेक जण पुढच्या वेळी खळ दाट करतात. मग साडी कडक होते खरी, पण जागोजागी पांढरे ओघळ दिसतात, निऱ्या धरता येत नाहीत आणि इस्त्रीला काळपट थर चिकटतो. वास्तविक पहिल्या वेळी खळ पातळ नव्हतीच. ती कच्ची राहिली होती, किंवा साडी कडकडीत वाळल्यावर इस्त्री केली होती, किंवा कपड्यात साबणाचा अंश उरला होता. कुरकुरीतपणा या तीन जागी हातातून निसटतो. खळीचा दाटपणा हा त्यानंतरचा प्रश्न.

खाली मुख्य कृती साबुदाण्याच्या खळीची आणि एका गडद निळ्या सुती साडीची दिली आहे, कारण गडद रंगावर केलेली चूक लपत नाही. पेज, कॉर्नफ्लोअर, आरारूट आणि कुर्त्याचे फरक त्या-त्या जागी येतील.

## १. आधी कापड बघा

शंभर टक्के सुती कापड खळ नीट धरतं: मंगळगिरी, सुती नारायणपेठ, बंगाली तांत, खादी, हातमागाचे साधे कुर्ते. मलमल खळ धरते, पण तिची मजा तिच्या मऊपणात असते, म्हणून तिला अगदी हलकी. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाच्या धाग्यात खळ मुरत नाही. ती वर बसते आणि इस्त्रीनंतर भुशासारखी झडते. पैठणी आणि इतर रेशमी साड्यांना खळ घालायची नाही. इरकलचा पदर बहुधा रेशमी असतो, त्यामुळे अंग सुती असलं तरी अख्खी साडी बादलीत बुडवू नका. ती बाहेर देणंच बरं.

साडी अगदी नवी असेल तर आणखी एक गोष्ट. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना आधीच खळ दिलेली असते. दुकानातल्या साडीचा कडकपणा बराचसा तिचाच. ती निघाल्याशिवाय वरून नवी खळ घातली तर थर असमान बसतो. म्हणून नवी साडी दोन धुण्यांपर्यंत तशीच वापरा, मऊ वाटायला लागली की मग खळ.

फॉलचंही तसंच. फॉल न भिजवता लावला असेल तर पहिल्या पाण्यात साडी आणि फॉल वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि काठाला चुण्या पडतात. या चुण्या खळीने जात नाहीत, उलट खळीत त्या कायमच्या बसल्यासारख्या दिसतात. फॉल पाण्यातून काढून, वाळवून मगच लावायला सांगा.

रंगाची परीक्षा: पदराच्या आतल्या कोपऱ्यावर कोमट पाण्यात भिजवलेली पांढरी चिंधी अर्धा मिनिट दाबून धरा. चिंधीला रंग लागला तर त्या साडीची खळ पूर्ण गार करून वापरायची, साडी त्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि त्या बादलीत दुसरं काहीही बुडवायचं नाही. ठशाच्या छपाईच्या आणि निळीत रंगवलेल्या कपड्यांची ही परीक्षा दर वेळी करा.

## २. धुणं आणि शेवटचं पाणी

खळ स्वच्छ कपड्यालाच. घामाचा किंवा हळदीचा डाग राहिलेल्या कुर्त्याला खळ घालून वर गरम इस्त्री फिरवली की डाग पक्का बसतो. कॉलरची आतली बाजू आणि काख आधी साबणाने चोळून घ्या.

धुताना कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा एक गुळगुळीत थर धाग्यावर राहतो आणि त्यावर खळ धरत नाही. "एवढी खळ घातली तरी साडी लुळीच" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघतं. एकदा ते वापरलं असेल तर साडी साध्या पावडरीत पुन्हा एकदा धुवावी लागते.

साबण निघाला का, हे पाण्याकडे बघून कळत नाही. शेवटच्या पाण्यातून काढलेल्या साडीचा कोपरा मुठीत दाबा आणि निथळणारं पाणी बोटांमध्ये चोळा. बुळबुळीत लागलं किंवा बारीक बुडबुडे आले तर आणखी एक पाणी.

आता साडी पिळून बाजूला ठेवा, वाळवू नका. खळीत कापड ओलंच घालायचं. कोरडं कापड पहिला थेंब जिथे पडेल तिथे खळ घटाघटा पितं आणि बाकीच्या भागाला पाण्यासारखी खळ उरते. ओल्या कापडात ती सगळीकडे सारखी पसरते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काळी कोरडी साडी मैद्याच्या गरम खळीत टाकली होती. वाळल्यावर तिच्यावर ढगांचा नकाशा उमटला होता. आईने ती दोरीवर बघून एवढंच विचारलं, "अगं, भिजवलीस का आधी?" मैदा हीही चूकच होती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. ते मला नंतर कळलं.

## ३. खळ कशाची?

साबुदाणा: शिजल्यावर काचेसारखा होतो आणि वाळल्यावर त्याचा थर जवळपास दिसत नाही. गडद साड्यांना म्हणूनच हा. कडकपणा मध्यम, पोत लवचीक, निऱ्या छान पडतात.

आरारूट किंवा तवकील: हेही पारदर्शक. साबुदाण्यापेक्षा लवकर शिजतं, भिजवावं लागत नाही. एखाददुसऱ्या कुर्त्यासाठी सोयीचं.

तांदळाची पेज: पांढऱ्या आणि फिकट कपड्यांना. कडकपणा चांगला येतो, पण खळ दुधाळ असते, त्यामुळे काळ्या, निळ्या, मरून रंगावर धुरकट दिसते.

कॉर्नफ्लोअर: स्वस्त, घरात असतंच, आणि माझ्या हाताला तरी साबुदाण्यापेक्षा जास्त ताठपणा देतं. हेही पांढरट, तेव्हा फिकट रंगांनाच.

मैदा: नको. त्यातल्या चिकाच्या गुठळ्या होतात, त्या गाळूनही पूर्ण जात नाहीत, आणि कपाटात झुरळ-कसरीला आमंत्रण मिळतं ते वेगळंच.

पेजेविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कुकरमधल्या भाताला पेज निघत नाही. एक वाटी तांदूळ सात वाट्या पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा आणि भात शिजला की वरचं पाणी निथळून घ्या. दुसरं, पेजेत मीठ नको. आपली खायची पेज मिठाची असते आणि उरलीसुरली तीच साडीला वापरली जाते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि साडी दुपारपर्यंत लुळी पडते. तूप घातलेली असेल तर तेलकट ठिपके उरतात. कोकणातल्या लालसर उकड्या तांदळाची पेज पांढऱ्या कुर्त्यावर पिवळट झाक देते, म्हणून पांढऱ्याला साधा पांढरा तांदूळच घ्या.

## ४. प्रमाण, एका साडीच्या हिशोबाने

आपली निळी साडी कोरडी असताना साधारण ५०० ग्रॅम भरते. ती नीट बुडायला तीन लिटर खळ लागते. या तीन लिटरमध्ये साबुदाणा किती, यावर कडकपणा ठरतो:

- हलकी खळ, रोजच्या वापराला आणि मलमलीला: २५ ते ३० ग्रॅम
- मध्यम, बहुतेक साड्यांना: ४५ ग्रॅम
- कडक, खादीचा कुर्ता किंवा ताठ उभी राहायला हवी अशी साडी: ७० ते ७५ ग्रॅम

स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर पोहे खायचा चमचा आधी एकदा किराणा दुकानात मोजून घ्या. चमचे घरोघरी वेगळे असतात आणि "दोन चमचे साबुदाणा" या वाक्यावर कितीतरी साड्या बिघडल्या आहेत.

आता हिशोबातली गंमत बघा. पिळलेली ओली साडी स्वतःसोबत सुमारे अर्धा लिटर पाणी बादलीत आणते. म्हणजे तीन लिटरची खळ साडेतीन लिटर होते, आणि ४५ ग्रॅमची खळ होती त्यापेक्षा पातळ पडते. साडी बाहेर काढून हलकी दाबली की तिच्यात जेमतेम सहाशे मिलिलिटर खळ उरते. त्यात साबुदाण्याचा अंश सात-आठ ग्रॅम. म्हणजे शिजवलेल्यातला साधारण सहावा हिस्साच साडीत जातो, बाकी बादलीतच राहतो.

यातून दोन गोष्टी कळतात. खळीत घालायच्या आधी साडी चांगली पिळलेली हवी, नाहीतर ती ओतलेल्या पाण्याने खळ पातळ करते. आणि खळीतून काढल्यावर किती पिळलं याने कडकपणा जवळपास दुप्पट-निम्मा होऊ शकतो. एकदा घट्ट पिळली, एकदा नुसती निथळली, तर त्याच खळीत दोन वेगळ्या साड्या तयार होतात. म्हणून पिळायची पद्धत दर वेळी तीच ठेवा, आणि बदल करायचा तर तो साबुदाण्याच्या मापात करा.

कॉर्नफ्लोअर घेतलं तर मध्यम खळीला तीन लिटरला ३० ते ३५ ग्रॅम पुरतं. पेजेचं माप ग्रॅममध्ये सांगता येत नाही, कारण ती तांदळावर अवलंबून असते. एक भाग पेज आणि दोन भाग पाणी इथून सुरुवात करा आणि पुढे सहाव्या टप्प्यातली चिंधीची परीक्षा करूनच ठरवा.

## ५. साबुदाणा शिजवणं

४५ ग्रॅम साबुदाणा एक लिटर पाण्यात तीन तास भिजत घाला. भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात सुटलेला भाग खळीचाच आहे. घाई असेल तर कोरडा साबुदाणा मिक्सरमध्ये पूड करून गार पाण्यात कालवा, भिजवण्याचा वेळ वाचेल.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. दहाएक मिनिटांत पाणी दाटायला लागतं. इथेच बहुतेकांचा हात थांबतो आणि खळ "झाली" म्हणून उतरवली जाते. ती झालेली नसते. दाण्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसतोय तोवर आतला भाग कच्चा आहे, आणि कच्चा भाग पाण्यात मिसळत नाही, तो नुसता तरंगतो. तोच पुढे साडीवर पांढऱ्या पुडीसारखा बसतो. ठिपका पूर्ण जाऊन दाणे काचेसारखे दिसायला लागेपर्यंत आणखी आठ-दहा मिनिटं शिजवा. फार दाटलं तर उकळतं पाणी घाला, गार नको.

तपासणी: चमच्यावरचा थेंब गार करून अंगठा आणि बोटात चोळा. गुळगुळीत लागला तर झालं. रवाळ लागला तर अजून शिजवा.

कॉर्नफ्लोअर आणि आरारूट यांचा क्रम उलटा: आधी अर्धी वाटी गार पाण्यात पीठ गुठळी न राहता कालवायचं, मग एक लिटर उकळत्या पाण्यात बारीक धारेने ओतत ढवळायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते आणि आत पीठच राहतं. कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत तीन-चार मिनिटं उकळा.

## ६. गाळणं, पातळ करणं आणि चिंधीची परीक्षा

खळ गरम असतानाच गाळा. चहाच्या गाळणीतून बारीक गुठळ्या निसटतात. जुन्या पंचाचा किंवा धोतराचा तुकडा पातेल्यावर बांधा, खळ ओता आणि कापड गोळा करून दाबा. आत उरलेला चिकट गोळा फेकून द्या.

गार होताना खळीवर दुधासारखी साय धरते. ही साय म्हणजे कपड्यावरच्या पांढऱ्या तुकड्यांचं सगळ्यात मोठं कारण, आणि ती नजरेतून सुटते, कारण ओल्या साडीवर ती पारदर्शक असते आणि वाळल्यावरच पांढरी होते. म्हणून गाळलेली खळ लगेच बादलीतल्या दोन लिटर पाण्यात ढवळत ओता. नंतर वापरायची असेल तर वापरण्याआधी पुन्हा एकदा गाळा.

आता साडीसारख्याच सुती कापडाची हातभर चिंधी ओली करून पिळा, खळीत बुडवा, दाबा आणि थेट इस्त्री करून वाळवा. पाच मिनिटांचं काम आहे. चिंधी हवी तशी कडक असेल तर साडी घाला, फार कडक असेल तर बादलीत अर्धा लिटर पाणी वाढवा. साडी बिघडल्यावर कळण्यापेक्षा चिंधीवर कळलेलं बरं.

पांढऱ्या कुर्त्याला नीळ द्यायची असेल तर ती याच वेळी: एका वाटी पाण्यात दोन-तीन थेंब नीळ विरघळवून ती वाटी खळीत ढवळा. नीळ थेट बादलीत टाकली तर एका बाहीवर निळा फटकारा ठरलेला.

## ७. खळीत बुडवणं

खळ हाताला सोसेल इतकी कोमट हवी. उकळती खळ रंग सोडवते, आणि अगदी गार झालेली नीट पसरत नाही.

साडी घड्या मोडून, मोकळी करून घाला. घडी घातलेली साडी बुडवली की घडीच्या बाहेरच्या बाजूला खळ जास्त लागते आणि वाळल्यावर साडीवर आडवे पट्टे दिसतात. पदराच्या टोकापासून सुरू करून हाताखालून सरकवत नेसायच्या टोकापर्यंत जा, सगळीकडे दाबत. मग उलट दिशेने एकदा. एकंदर चार-पाच मिनिटं. तेवढ्यात मुरायची ती मुरते.

कुर्ता उलटा करून बुडवा, गडद असेल तर नक्कीच. थोडाफार थर दिसलाच तर तो आतल्या बाजूला राहतो. कॉलर, कफ आणि बटणपट्टी दोन-दोन थरांच्या असतात, तिथे खळ आत पोहोचावी म्हणून बोटांनी दाबा. काखेच्या भागाला मात्र जादा खळ नको. ताठ काख टोचते आणि घामाने पहिली तीच चिकट होते.

एकाच खळीत बरेच कपडे काढायचे असतील तर क्रम असा: पांढरे, मग फिकट, शेवटी गडद. गडद साडीला स्वच्छ खळच हवी असेल तर तिची बादली वेगळी. प्रत्येक ओला कपडा खळ पातळ करत जातो, म्हणून जो सर्वांत कडक हवा तो त्याच्या रंगाच्या गटात पहिला घाला.

इशारा: वॉशिंग मशीनमध्ये खळ घालू नका. पंपात आणि जाळीत साचलेली खळ पुढच्या धुण्यातल्या कपड्यांवर निघते, आणि फिरवून पिळल्याने पडलेल्या सुरकुत्या खळीत घट्ट बसतात.

## ८. पिळणं आणि वाळत घालणं

दोरीसारखा पीळ घालू नका. साडी बादलीवर धरून वरून खाली मुठीमुठीने दाबत या. खळ ओघळणं थांबून थेंब पडायला लागले की पुरे.

मग झटका. एकटीने करायचं तर साडी चौपदरी करून जोरात चार-पाच वेळा झटका, दोघं असाल तर दोन टोकं धरून ताणून. नंतर दोन्ही काठ हातात घेऊन रुंदीच्या दिशेने थोडं-थोडं ओढत पुढे जा. खळ घातलेली साडी जशी वाळते तशी राहते, त्यामुळे इथे गेलेल्या दहा मिनिटांनी इस्त्रीची वीस मिनिटं वाचतात.

दोरी आधी ओल्या फडक्याने पुसा. तारेचा गंज ओल्या खळीला लगेच धरतो. साडी दोरीवर दुहेरी घाला, काठ काठाला जुळवून, आणि अर्ध्या तासाने फिरवा, नाहीतर खळ खालच्या काठाकडे उतरते आणि वरचा भाग मऊ राहतो.

जागा सावलीची आणि वाऱ्याची. कडक उन्हात साडी पापडासारखी होते, गडद रंग उडतो. दिवसभर पाऊस असताना मात्र खळ घालूच नका. दोन दिवस ओली राहिलेली खळ आंबते, साडीला आंबूस वास येतो आणि काळे बुरशीचे ठिपके पडले तर ते निघत नाहीत.

## ९. दोरीवरून कधी काढायची

सगळ्यात जास्त चुकणारी वेळ ही. साडी पूर्ण वाळायच्या आधी काढायची. काठाला बोट लावलं तर कोरडं वाटेल, पण साडी गालाला लावली तर गारवा जाणवेल, ती वेळ. वाऱ्याच्या उन्हाळी दिवशी दीड-दोन तासांतही येते, दमट हवेत चार तास लागतात.

काढली की घडी न घालता सैल वळकटी करा आणि अर्धा तास जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. कुठे ओलं, कुठे कोरडं असेल ते सारखं होतं.

वेळ चुकली आणि साडी कडकडीत वाळली, तरी हरकत नाही. हाताने पाणी शिंपडा, मोठे थेंब नकोत, फवाऱ्याची बाटली असेल तर उत्तम. मग वळकटी करून अर्धा-पाऊण तास. रात्रभर मात्र ठेवू नका, विशेषतः पेजेची खळ असेल तर.

## १०. इस्त्री

हा ओलावाच कुरकुरीतपणा आणतो. ओल्या खळीचा थर इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा मऊ होतो, दाबाने सपाट होतो आणि पाणी उडताच तसाच घट्ट बसतो. कोरड्या खळीवर इस्त्री फिरवली तर ती सपाट न होता तडकते आणि साडीवर बारीक पांढऱ्या रेषा दिसतात.

इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवा. उलट्या बाजूने सुरू करा, गडद साडीला तर पूर्ण उलट्याच बाजूने. हात सतत चालता ठेवा, कारण एका जागी थांबलेल्या इस्त्रीखाली खळ करपते आणि पिवळा डाग पडतो. पट्टा पूर्ण कोरडा झाल्यावरच पुढे सरका. अर्धवट ओला सोडलेला भाग दहा मिनिटांत पुन्हा चुरगळतो आणि तिथे घडी घातली तर ती कायमची दिसते. निळ्या साडीवर हे ऐकूही येतं: ओल्या भागावर इस्त्री दबक्या आवाजात सरकते, वाळला की कागदावरून फिरवल्यासारखी सरसर वाजते.

कुर्त्याचा क्रम: कॉलर, खांदे, बाह्या, बटणपट्टी, शेवटी पाठ आणि पुढचा घेर. उलटं केलं तर घेर चुरगळत बसतो.

इस्त्री चिकटायला लागली तर समजा की कपडा अजून फार ओला आहे किंवा खळ दाट झाली आहे. थांबा, इस्त्री बंद करून गार होऊ द्या, बूड ओल्या फडक्याने पुसा. तसंच रेटलं तर करपलेल्या खळीचे तपकिरी कण साडीवर उतरतात.

इस्त्रीनंतर साडी लगेच घडी करू नका. पंधरा मिनिटं दांडीवर किंवा पलंगावर पसरून ठेवा, राहिलेली वाफ निघू द्या.

## काही बिघडलंच तर

पांढरे डाग: फक्त डागाची जागा ओली करून चोळू नका, तिथे कडी उमटते. अख्खी साडी कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा, हलक्या हाताने चोळा, पाणी बदला आणि पुन्हा हलकी खळ.

फार कडक: साध्या पाण्यातून एकदा काढून, तशीच दाबून वाळत घाला. पुन्हा खळ लागत नाही, निम्मी उरलेली असते तीच पुरते.

सकाळी कडक, दुपारी लुळी: मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे व्हायचंच. खळ हवेतला दमटपणा ओढते, आणि ती दाट केल्याने हे थांबत नाही, फक्त साडी चिकट होते. अशा दिवसांत हलकी खळ किंवा नुसती इस्त्री.

एका कुर्त्यासाठी बादली नको असेल तर: एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर एक कप पाण्यात गार कालवून उकळा, पंचातून गाळा, गार झाल्यावर फवाऱ्याच्या बाटलीत भरा. कुर्ता हलका ओला करा, उलट्या बाजूने फवारा, दोन मिनिटं मुरू द्या आणि इस्त्री करा. उरलेली खळ त्याच दिवशी टाकून द्या, दुसऱ्या दिवशी तिला वास येतो आणि बाटलीचं तोंड बुजतं.

## ठेवणीत टाकण्याआधी

खळीची साडी नेसून झाली की तिच्यावर पुन्हा खळ चढवायची नाही. आधी धुऊन जुनी काढायची. थरावर थर चढले की घडीच्या जागी कापड तडकतं, आणि जुन्या साड्या नेमक्या घडीवरच फाटलेल्या दिसतात त्याचं एक कारण हेच.

दोन-तीन महिने नेसायची नसेल ती साडी खळ काढूनच ठेवा. खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं धान्य, आणि झुरळांना, कसरीला ते धान्यच वाटतं. नेहमीच्या वापरातली असेल तर घडी महिन्यातून एकदा वेगळ्या जागी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती ओढणीत गुंडाळा. पावसाळा संपल्यावर पहिल्या कोरड्या दिवशी कपाटातली प्रत्येक खळीची साडी उघडून काठाचा वास घ्या. आंबूस आला तर ती आजच पाण्यात.